हप्ता सुरू होण्याच्या आदल्या दिवशी

शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र हातात घेऊन बँकेतून बाहेर पडणाऱ्या बापाच्या डोक्यात एकच वाक्य असतं: कोर्स संपेपर्यंत काही भरायचं नाही. वाक्य खरं आहे, फक्त अर्धं आहे. भरायचं नाही म्हणजे लागत नाही, असा त्याचा अर्थ घरी पोचेपर्यंत होऊन जातो.

याला शेतकऱ्याचं अज्ञान म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तो अर्थ त्याच्या अनुभवातून आलेला असतो. विदर्भातल्या खेड्यात बँकेशी किंवा सोसायटीशी पहिला व्यवहार होतो तो पीककर्जाचा. जूनमध्ये उचलायचं आणि ३१ मार्चच्या आत नवंजुनं करायचं. वेळेत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाचं व्याज शून्यावर येतं. अशा माणसाला बँकेनं ‘पाच वर्षं थांबा’ म्हटलं, की व्याजही थांबलं असंच तो समजणार. शैक्षणिक कर्जात थांबतो तो फक्त हप्ता.

बहुतेक सरकारी बँका शैक्षणिक कर्ज देतात ते भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेच्या चौकटीत. त्या चौकटीत अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढी स्थगिती असते. बँकेत सगळे तिला मोरॅटोरियमच म्हणतात. या काळात व्याज सरळव्याजानं मोजायचं, विद्यार्थ्यानं ते भरावं की न भरावं हे त्याच्या मर्जीवर सोडायचं, आणि हप्ता सुरू होताना साचलेलं सगळं व्याज मुद्दलात मिळवायचं, असा नियम आहे. या लेखाचा सगळा वाद त्या शेवटच्या तुकड्याशी आहे.

एक उदाहरण घेऊ. दारव्हा तालुक्यातला मुलगा, अमरावतीत इंजिनीअरिंगला प्रवेश, चार वर्षांचा कोर्स. मंजूर कर्ज ६ लाख. बँक ते एकदम देत नाही. दरवर्षी ऑगस्टमध्ये दीड लाख कॉलेजच्या आणि वसतिगृहाच्या खात्यात जातात. दर १० टक्के धरू आणि तो बदलत नाही असं मानू. प्रत्यक्षात दर रेपोबरोबर हलतो, पण हिशेब समजायला स्थिर दर बरा.

पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर हप्ता सुरू होईपर्यंत पाच वर्षांचं व्याज लागतं. दुसऱ्या दीड लाखावर चार वर्षांचं, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण चौदा वर्षं. दीड लाखाचं वर्षाचं व्याज १५,०००, म्हणून चौदा वर्षांचं २ लाख १० हजार. नुसत्या थांबण्याच्या काळात मुद्दलाच्या एक तृतीयांशाहून जास्त व्याज साचलं. इथवर कुणाची तक्रार असू नये. बँकेचे पैसे वापरले, त्याचं व्याज लागलं.

पाचवं वर्ष सरतं त्या दिवशी खात्यात एक नोंद होते. आदल्या दिवशीपर्यंत मुद्दल ६ लाख आणि व्याज २ लाख १० हजार असे दोन वेगळे आकडे होते. आता एकच आकडा उरतो, मुद्दल ८ लाख १० हजार. मुलानं त्या दिवशी एक रुपया उचललेला नाही, एकही हप्ता चुकवलेला नाही, तरी तो ८ लाख १० हजारांचा कर्जदार झाला. बँकेच्या भाषेत याला व्याजाचं भांडवलीकरण म्हणतात. गावात म्हणतात, व्याजाचं मुद्दल झालं. गावातला शब्द जास्त नेमका आहे.

दहा वर्षांची परतफेड धरली तर ६ लाखांचा हप्ता ७,९२९ रुपये येतो आणि ८ लाख १० हजारांचा १०,७०४. फरक महिन्याला २,७७५ रुपये. एकशे वीस महिन्यांत त्याचे ३ लाख ३३ हजार होतात. म्हणजे साचलेलं व्याज होतं २ लाख १० हजार आणि ते फेडायला लागले ३ लाख ३३ हजार. वरचे १ लाख २३ हजार हे व्याजावरचं व्याज. ज्यांच्या घरी किंवा जवळच्या सेतू केंद्रात संगणक आहे त्यांनी एक्सेलमध्ये हे टाकून पाहावं. दर, महिने आणि रक्कम आपापली घालायची:

```
=PMT(10%/12,120,-810000)
```

हप्ता जड वाटला की शाखेत पहिला सल्ला मिळतो तो मुदत वाढवण्याचा. पंधरा वर्षं केली तर हप्ता ८,७०४ वर येतो आणि पंधरा-अठरा हजारांवर पहिली नोकरी लागलेल्या पोराला तो सल्ला नाकारता येत नाही. पण मुद्दल झालेल्या त्या २ लाख १० हजारांसाठी आता ४ लाख ६ हजार मोजावे लागतात. जवळपास दुप्पट.

हे सगळं सरळव्याज लागलं तर. सगळीकडे तसं लागतंच असं नाही. खाजगी वित्त कंपन्यांच्या आणि काही बँकांच्या स्वतःच्या योजना आदर्श योजनेबाहेरच्या असतात आणि त्यांत मोरॅटोरियमच्या काळातही दर महिन्याला व्याज मुद्दलात चढवण्याची अट असू शकते. वरच्याच उदाहरणात तसं झालं तर पाच वर्षांनी आकडा ८ लाख १० हजार नसून सुमारे ८ लाख ५५ हजार होतो आणि दहा वर्षांचा हप्ता ११,३०५ रुपये. मंजुरीपत्रात ही अट एका ओळीत असते आणि ती ओळ बहुधा इंग्रजीत असते.

ती ओळ सापडली नाही तरी खातेउताऱ्यावरून कळतं. दुसरा दीड लाख जमा झाल्यानंतरचा एक पूर्ण महिना घ्यायचा, एकतीस दिवसांचा. तीन लाखांवर १० टक्क्यांनी त्या महिन्याचं सरळव्याज २,५४८ रुपये येतं. उताऱ्यात व्याजाची नोंद तेवढीच असेल तर ठीक. २,६८० च्या आसपास असेल, तर पहिल्या वर्षाचं व्याज मुद्दलात जाऊन बसलंय आणि त्यावर व्याज चालू झालंय. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हा फरक शोधायला गेलं तर दहा-वीस रुपयांचा दिसतो आणि नजरेतून सुटतो, म्हणून दुसरं वर्ष बरं. आदर्श योजनेतलं कर्ज असून असा आकडा दिसला तर शाखेत लेखी विचारायचं. तोंडी विचारलं की ‘सिस्टीम करते’ हे उत्तर ठरलेलं असतं.

आता कुटुंबाच्या हातात काय आहे ते पाहू. इथं एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सल्ला देणारे म्हणतात, पहिल्या महिन्यापासून व्याज भरा. पगारदार घराला तो ठीक आहे. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरात महिन्याला १,२५० रुपये काढायचे म्हणजे जून ते ऑक्टोबर उसनवारी. आणि कर्ज खरोखर सरळव्याजाचं असेल तर त्याची गरजही नाही. सरळव्याजात साचलेल्या व्याजावर व्याज चालत नाही. ते पहिल्या वर्षी भरलं काय आणि मुद्दलात चढण्याच्या आदल्या दिवशी भरलं काय, हिशेबात फरक पडत नाही. फरक पडतो तो त्या एका तारखेच्या अलीकडे भरलं की पलीकडे, यानं.

म्हणून शेतकरी घरानं वर्षातून एकदा, कापसाचा चुकारा हातात आला की भरावं. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. दोन क्विंटल म्हणजे १५,०००. पाच हंगामांत ७५,००० भरले, तर मुद्दलात चढणारं व्याज १ लाख ३५ हजारांवर येतं आणि हप्ता ९,७१३ वर. पुढची दहा वर्षं दर महिन्याला ९९१ रुपये वाचतात, एकूण १ लाख १९ हजारांच्या आसपास. बाजूला ठेवलेला पैसा घरात टिकत नाही, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यापेक्षा दरवर्षीचा भरणा शहाणपणाचा. मधे व्याज भरलं म्हणून हप्ता लवकर सुरू होत नाही, ही भीती काढून टाकावी.

अपवाद दोन. आदर्श योजनेत बँकेला एक मुभा आहे: स्थगितीच्या काळात लागेल तसं व्याज नियमित भरणाऱ्याला दरात एक टक्क्यापर्यंत सूट देता येते. आपल्या बँकेनं ती ठेवली असेल तर वेळेवर भरण्याला किंमत आहे; आपल्या उदाहरणात ती सूट २१,००० रुपयांच्या घरात जाते. दुसरा अपवाद उलट दिशेचा आहे. शैक्षणिक कर्जाचं व्याज भरण्यासाठी पीककर्ज थकवायचं नाही आणि सावकाराच्या दारात तर जायचंच नाही. वेळेत भरल्यावर शून्य टक्क्यावर येणारं कर्ज थकवून १० टक्क्यांचं व्याज कमी करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

यावर कुणी म्हणेल, सरकार हे व्याज भरतंच की. भरतं, पण कुणाचं ते नीट पाहावं लागतं. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमाच्या कर्जाचं स्थगिती काळातलं पूर्ण व्याज सरकार देतं. कोरडवाहू घराचं उत्पन्न या मर्यादेत सहज बसतं. आपल्या उदाहरणातले सगळे २ लाख १० हजार माफ होऊ शकतात. पण कॉलेजला किंवा त्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मानांकन हवं, आणि तालुक्याच्या आसपासच्या अनेक संस्थांचं घोडं तिथंच अडतं. पीएम-विद्यालक्ष्मी योजना २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. तिच्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना ३ टक्क्यांची सवलत आहे, तीही निवडक दर्जेदार संस्थांपुरती आणि वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती. नागपूरच्या व्हीएनआयटीत गेलेल्या मुलाला ती उपयोगी, गावाजवळच्या विनामानांकित कॉलेजातल्या मुलीला नाही. ज्याला स्पर्धेत मागे पडल्यामुळे साधं कॉलेज मिळालं आणि म्हणून नोकरीही साधीच मिळणार, त्याच्याच डोक्यावर पूर्ण व्याजाचं मुद्दल होतं.

जे पात्र आहेत त्यांचंही एक दुखणं आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला विद्यार्थी देतो, शाखा दावा टाकते, नोडल बँकेमार्फत पैसे येतात. ही साखळी कुठेही लांबू शकते. स्थगिती संपण्याची तारीख मात्र संगणकात आधीच बसवलेली असते आणि ती अनुदानाची वाट पाहत नाही. समजा अनुदान आठ महिने उशिरा आलं. तोवर २ लाख १० हजार मुद्दल झालेलं असतं आणि आठ महिन्यांत त्यावर १४,००० च्या आसपास व्याज लागलेलं असतं. अनुदान स्थगितीच्या काळापुरतंच असल्यामुळे ते १४,००० मुलाच्या माथी. शिवाय अनुदान जमा झाल्यावर शिल्लक कमी होते, पण हप्ता आपोआप कमी होत नाही. १०,७०४ चालूच राहतो, जोवर कुणी जाऊन नव्यानं बांधून मागत नाही. म्हणून कोर्सच्या शेवटच्या वर्षातच शाखेकडून वर्षवार लेखी घ्यावं: कोणत्या वर्षाचा दावा टाकला, कोणत्या वर्षाचे पैसे आले.

आमचं म्हणणं एवढंच नाही की लोकांनी सावध राहावं. सावधगिरीचा सगळा भार सतरा वर्षांच्या मुलावर आणि सातबारा वाचता येणाऱ्या पण इंग्रजी मंजुरीपत्र न वाचता येणाऱ्या बापावर का टाकायचा? साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जात साचलेलं व्याज मुद्दलात चढवणंच बंद करावं. ते वेगळ्या रकान्यात, बिनव्याजी राहू द्यावं आणि हप्त्याबरोबर थोडं थोडं वसूल करावं. आपल्या उदाहरणात ६ लाखांचा हप्ता ७,९२९, त्यात २ लाख १० हजारांचा एकशे विसावा भाग १,७५०, मिळून ९,६७९. आजच्या १०,७०४ पेक्षा १,०२५ रुपये कमी. बँकेला तिचं सगळं मुद्दल आणि लागलेलं सगळं व्याज मिळतंच.

हा फुकट मागण्याचा प्रकार वाटत असेल तर केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या घरबांधणी अग्रिमाकडे पाहावं. तिथं सरळव्याज आहे. आधी मुद्दल १८० हप्त्यांपर्यंत वसूल होतं आणि मग व्याज ६० हप्त्यांपर्यंत. व्याजाचं मुद्दल कधीच होत नाही. घरासाठी जे जमतं ते त्याच घरातल्या पोराच्या शिक्षणासाठी अशक्य आहे, असं कुणी म्हणू नये.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं की हप्ता चुकवणाऱ्याला लावलेला दंड मुद्दलात चढवून त्यावर व्याज घ्यायचं नाही. जो चुकला त्याच्या दंडावर व्याज नाही. आणि ज्यानं बँकेनंच दिलेली सवलत घेतली, एकही तारीख चुकवली नाही, त्याच्या व्याजावर मात्र दहा वर्षं व्याज. करोनाच्या वेळी मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांच्या स्थगितीवरचं चक्रवाढ व्याज परत करण्याची योजना केंद्रानं काढली, तेव्हा तिच्यात शैक्षणिक कर्जंही होती. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या काळातल्या व्याजावरचं व्याज सगळ्याच कर्जदारांसाठी नाकारलं. ती आपत्ती होती आणि कोर्स ही आपत्ती नाही, हे मान्य. पण थांबायला सांगून त्या थांबण्यावर दुहेरी आकारणी करू नये, हे तत्त्व तेव्हा पटलं होतं.

बँकेची बाजूही खोटी नाही. ठेवीदाराला ती चक्रवाढीनं व्याज देते. मग पाच वर्षं अडकलेल्या व्याजाची किंमत कुणी सोसायची? बँकेवर टाकली तर ती खेड्यातल्या मुलाला कर्ज देताना आणखी हात आखडता घेईल आणि तसं होणं हे आजच्यापेक्षा वाईट. म्हणून मर्यादा साडेसात लाखांची. त्या रकमेपर्यंत केंद्राचा हमी निधी आधीपासून उभा आहे आणि तारण न घेता कर्ज देण्याचा नियम त्याच्याच आधारावर चालतो. व्याजावरच्या व्याजाचा भार तिथंच, केंद्राच्या तिजोरीवर जावा. परदेशी शिक्षणासाठी चाळीस लाख उचलणाऱ्याला हीच सूट द्यावी, असं आम्हाला वाटत नाही.

ते होईपर्यंत एका साध्या कागदाला तिजोरीची गरज नाही. स्थगिती संपण्याच्या सहा महिने आधी बँकेनं कर्जदाराला आणि सहकर्जदाराला मराठीत पत्र पाठवावं. त्यात आजवर साचलेलं व्याज, त्यातलं अनुदानानं आलेलं किती, ते कोणत्या तारखेला मुद्दलात चढणार, चढू दिलं तर हप्ता किती आणि त्याआधी भरलं तर किती, एवढे आकडे असावेत. सहा महिनेच का, तर ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या कर्जाचा हप्ता पाच वर्षांनी पोळ्याच्या सुमारास लागतो. तेव्हा पऱ्हाटी फवारणीत असते, सोयाबीन शेंगांत असतं, घरात रोकड नसते. पत्र फेब्रुवारीत आलं तर घरात अजून थोडा कापूस विकायचा राहिलेला असतो.